उघड्या अणुभट्टी-गाभ्याचा क्रांतिक आकार: टप्प्याटप्प्याने गणित आणि नेहमी होणाऱ्या चुका

नैसर्गिक युरेनियम आणि ग्राफाइटची एकच जाळी आहे, सगळ्यांना माहिती तीच दिलेली आहे आणि गोलाकार उघड्या गाभ्याची क्रांतिक त्रिज्या काढायची आहे. एकाचं उत्तर २.६ मीटर येतं, दुसऱ्याचं ३.६ मीटर आणि तिसऱ्याचं जवळजवळ ८ मीटर. तिघांनीही R = π/B हेच सूत्र वापरलेलं असतं आणि तिघांची आकडेमोडही बिनचूक असते. फरक पडतो तो B काढताना कोणती लांबी घेतली यामुळे. ती निवड पहिल्या दोन-तीन टप्प्यांतच होऊन जाते, पण चूक दिसते ती शेवटच्या ओळीत. म्हणून इथे हेच एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवू आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबून तपासणी करू.

‘उघडा’ गाभा म्हणजे ज्याच्याभोवती परावर्तक नाही असा. पृष्ठभागातून बाहेर पडलेला न्यूट्रॉन परत येत नाही. गाभ्याच्या आत सगळीकडे एकच मिश्रण आहे असं आपण धरतो. युरेनियमचे दांडे आणि ग्राफाइट वेगवेगळे असले तरी गाभा त्या जाळीच्या अंतरापेक्षा खूप मोठा असल्यामुळे सरासरी गुणधर्मांवर काम चालतं.

## तयारी: कोणते आकडे हवेत आणि ते कशाचे आहेत

कागदावर दोन रकाने करा. एका रकान्यात निव्वळ मंदकाचे, म्हणजे ग्राफाइटचे, गुणधर्म लिहा आणि दुसऱ्यात इंधनासकट पूर्ण जाळीचे. हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की ८ मीटरचं उत्तर येतं.

ग्राफाइटसाठी (घनता १.६० ग्रॅम प्रति घन सेंमी, खोलीचं तापमान) नेहमीच्या कोष्टकांतले आकडे असे आहेत:

```
D    = 0.84 cm
Σa   = 2.4e-4 cm^-1
L²   = D/Σa = 3500 cm²
τ    = 368 cm²
```

D हा विसरण गुणांक. Σa ही औष्णिक न्यूट्रॉन शोषले जाण्याची प्रति सेंटिमीटर शक्यता. L² हे विसरण लांबीचा वर्ग आहे: औष्णिक झालेला न्यूट्रॉन शोषला जाईपर्यंत सरळ रेषेत जेवढं अंतर दूर जातो, त्याच्या वर्गाच्या सरासरीचा सहावा भाग. τ म्हणजे फर्मी वय. नाव वय असलं तरी त्याचं एकक चौरस सेंटिमीटर आहे. विखंडनातून जन्मल्यापासून औष्णिक होईपर्यंतच्या प्रवासासाठी तोच सहावा भाग म्हणजे τ.

जाळीसाठी चार घटक लागतात. आपल्या उदाहरणात ते असे घेऊ:

```
η = 1.33   f = 0.88   p = 0.88   ε = 1.03
```

η म्हणजे इंधनात शोषल्या गेलेल्या प्रत्येक औष्णिक न्यूट्रॉनमागे जन्मणारे नवे न्यूट्रॉन. औष्णिक न्यूट्रॉनांपैकी जेवढा भाग इंधनात शोषला जातो तो f. मंदावताना युरेनियम-२३८ च्या अनुनाद शोषणातून निसटण्याची शक्यता p, आणि जलद न्यूट्रॉनांनी घडवलेल्या विखंडनाची छोटी भर ε.

तपासा: कोष्टकातलं D/Σa आणि तिथेच दिलेलं L² जुळतं का, हे भागाकार करून बघा. नाही जुळलं तर दोन आकडे वेगळ्या घनतेचे किंवा वेगळ्या तापमानाचे असतील. L² आणि τ दोन्ही घनतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात. १.६० ऐवजी १.७० घनतेचं ग्राफाइट असेल तर दोन्ही सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतात, आणि ही घट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

## टप्पा १: k∞ काढा आणि दशांश जपून ठेवा

गाभा अनंत मोठा असता, म्हणजे गळती शून्य असती, तर एका पिढीतून पुढच्या पिढीत न्यूट्रॉन किती पट होतील, ते k∞ सांगतो.

```
k∞ = η f p ε = 1.33 × 0.88 × 0.88 × 1.03 = 1.061
```

पुढे सगळीकडे k∞ पेक्षा k∞ − 1 कामाला येणार आहे, म्हणजे ०.०६१. इथे १.०६१ चा १.०६ केला तर वरवर पाहता एक हजारांश गेला, पण k∞ − 1 मध्ये तो दीड टक्क्यापेक्षा जास्त आहे. कोणी १.१ वर आणून ठेवलं तर पुढचं सगळं गणित निरर्थक होतं. गुणाकार संपेपर्यंत किमान चार सार्थ अंक ठेवा.

सावध: k∞ एकपेक्षा कमी किंवा बरोबर एक आला तर इथेच थांबा. अशा मिश्रणाचा गाभा कितीही मोठा केला तरी तो क्रांतिक होत नाही. तरीही पुढे गेलात तर B² ऋण येईल, आणि काही जण उणे चिन्ह विसरून वर्गमूळ काढतात. मिळणारी त्रिज्या दिसायला अगदी व्यवस्थित असते, पण तिला काही अर्थ नसतो.

## टप्पा २: L² जाळीचं घ्या, मंदकाचं नव्हे

इंधन आत आलं की औष्णिक न्यूट्रॉन शोषायला युरेनियम बसलेलं असतं. न्यूट्रॉन पूर्वीइतका दूर भटकत नाही. D मात्र फारसा बदलत नाही, कारण आकारमानाने बहुतेक गाभा ग्राफाइटच आहे. शोषणात मंदकाचा वाटा 1 − f एवढाच उरतो, म्हणून

```
L²(जाळी) ≈ (1 − f) L²(मंदक) = 0.12 × 3500 = 420 cm²
```

३५०० वरून थेट ४२०. हा टप्पा गाळला तर ८ मीटरच्या आसपासची त्रिज्या येते: ३५०० मध्ये ३६८ मिळवून ३८६८, त्यावरून B² सुमारे 1.58e-5, आणि π/B म्हणजे ७९१ सेंमी.

τ ला मात्र हात लावायचा नाही. न्यूट्रॉन मंदावतो तो ग्राफाइटशी टक्कर देऊन, आणि या जाळीत ग्राफाइटचं प्रमाण इतकं जास्त आहे की मंदकाचंच τ चालतं. इंधन दाट असलेल्या जाळीत थोडी दुरुस्ती लागते, पण आपल्या अंदाजासाठी ३६८ पुरेसं आहे.

तपासा: जाळीचं L² मंदकाच्या L² पेक्षा कमीच असलं पाहिजे. तुमच्या कागदावर दोन्ही सारखे दिसत असतील तर आकडा चुकीच्या रकान्यातून उचलला आहे.

## टप्पा ३: विसरण समीकरणातून बकलिंग कसं येतं ते एकदा मांडा

हा टप्पा गाळून थेट सूत्राकडे जायचा मोह होतो. पण कोणता B कुठे वापरायचा हा गोंधळ इथेच मिटतो, म्हणून निदान एकदा स्वतःच्या हाताने मांडा.

न्यूट्रॉन दाटीकडून विरळीकडे वाहतात, आणि प्रवाह फ्लक्सच्या उताराच्या प्रमाणात असतो, हे विसरणाचं गृहीतक. स्थिर स्थितीत कोणत्याही छोट्या भागात गळती, शोषण आणि निर्मिती यांचा हिशोब जुळला पाहिजे:

```
D∇²φ − Σa φ + S = 0
S = k∞ Σa φ
```

दुसरी ओळ सांगते की शोषल्या गेलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनमागे k∞ नवे न्यूट्रॉन येतात. ते पहिल्या ओळीत घालून D ने भागा:

```
∇²φ + B² φ = 0,     B² = (k∞ − 1)/L²
```

इथे एकाच अक्षराला दोन भूमिका आहेत. वरचा B² फक्त पदार्थावर ठरतो: मिश्रण काय, शोषण किती, गुणन किती. याला पदार्थीय बकलिंग म्हणू. दुसरीकडे, दिलेल्या आकाराच्या गाभ्यात हे समीकरण सोडवून फ्लक्स कडेला शून्य व्हायला हवा असेल तर B² ची ठरावीक किंमतच चालते. ती फक्त आकारावर आणि मापावर ठरते, आणि तिला भौमितिक बकलिंग म्हणतात. गोलासाठी ती (π/R)² आहे.

क्रांतिक असण्याची अट म्हणजे या दोन किमती समान असणं. गाभा मोठा करत गेलं की भौमितिक बकलिंग कमी होत जातं, कारण फ्लक्सची वक्रता सौम्य होते आणि गळतीचं प्रमाण घटतं. भौमितिक किंमत पदार्थीय किमतीपेक्षा मोठी असेल तर गाभा लहान आहे, म्हणजे उपक्रांतिक. भौमितिक किंमत लहान असेल तर गाभा अतिक्रांतिक. ही दिशा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. शेवटी उलट तपासणी करताना ती उलटीच धरली जाते, असं फार वेळा दिसतं.

गोलात समीकरणाची दोन उत्तरं निघतात, sin(Br)/r आणि cos(Br)/r. दुसरं केंद्रापाशी अनंत होतं, म्हणून ते टाकायचं. पहिलं r = π/B ला पहिल्यांदा शून्य होतं. नंतर 2π/B लाही होतं, पण तिथपर्यंत जाताना मध्ये फ्लक्स ऋण होतो, आणि न्यूट्रॉनांची संख्या ऋण नसते. म्हणून पहिलंच शून्य घ्यायचं.

## टप्पा ४: मंदावण्याच्या काळातली गळती जोडा

वरच्या समीकरणात एक गोष्ट हळूच गृहीत धरली आहे: नवा न्यूट्रॉन जिथे जन्मला तिथेच औष्णिक झाला. प्रत्यक्षात मंदावताना तोही भटकतो, आणि कडेजवळ असेल तर औष्णिक होण्याआधीच बाहेर पडतो. २.६ मीटरचं उत्तर ही गळती विसरल्यामुळे येतं:

```
B² = 0.061/420 = 1.45e-4 cm^-2
B  = 0.01205 cm^-1
R  = π/B = 261 cm
```

दुरुस्तीची सर्वांत सोपी रीत म्हणजे L² ऐवजी M² = L² + τ घेणं. M² ला स्थलांतर क्षेत्रफळ म्हणतात. जन्मापासून शोषणापर्यंतच्या पूर्ण प्रवासाचा हिशोब त्यात येतो.

```
M² = 420 + 368 = 788 cm²
B² = 0.061/788 = 7.74e-5 cm^-2
B  = 0.00880 cm^-1
R  = 357 cm
```

त्रिज्या जवळजवळ एक मीटरने वाढली. आकारमान ७४ घनमीटरवरून १९१ घनमीटरवर गेलं, म्हणजे अडीच पटींहून अधिक. या जाळीत τ आणि L² जवळपास सारख्या तोलाचे आहेत, म्हणून τ वगळणं म्हणजे निम्मी भटकंती वगळणं.

साध्या पाण्यात तर हे आणखी टोकाला जातं. निव्वळ पाण्याचं L² सुमारे ८.१ चौरस सेंमी आणि τ सुमारे २७. तिथे मंदावतानाची भटकंतीच मोठी आहे. पाण्यात इंधन घातलं की L² आणखी खाली येतं. पाण्याच्या गाभ्यासाठी फक्त L² वापरणाऱ्याची त्रिज्या खऱ्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी येते.

सावध: ‘एकगट विसरण’ असं प्रश्नात लिहिलेलं असेल तेव्हा त्यातलं L² खरोखर विसरण क्षेत्रफळ आहे, की आधीच M² देऊन त्याला L² म्हटलं आहे, हे बघा. दोन्ही प्रकारची मांडणी आढळते. τ वेगळं दिलेलं असेल तर ते वापरायला दिलं आहे असंच समजा.

## टप्पा ५: ग्राफाइटसाठी वय-विसरण समीकरणाने बारीक दुरुस्ती

M² ची रीत B² लहान असतानाच बरी. ग्राफाइटमध्ये न्यूट्रॉन शेकडोनी नाही, पण शंभराहून अधिक टकरांत थोडा थोडा मंदावतो, म्हणून तिथे फर्मीचा सतत मंदावण्याचा नमुना चांगला लागू पडतो. त्यानुसार क्रांतिक अट अशी:

```
k∞ · exp(−B²τ) / (1 + B²L²) = 1
```

exp(−B²τ) म्हणजे मंदावताना न गळण्याची शक्यता, आणि 1/(1 + B²L²) म्हणजे औष्णिक झाल्यावर न गळण्याची. B² दोन जागी अडकलेलं असल्यामुळे थेट सुटत नाही. पण आधीच्या टप्प्यातलं 7.74e-5 हाताशी आहे, ते घालून बघू:

```
exp(−0.0285) = 0.9719
1 + 0.0325   = 1.0325
k            = 1.061 × 0.9719 / 1.0325 = 0.9987
```

एकपेक्षा ०.००१३ कमी आलं, म्हणजे गळती किंचित जास्त आहे आणि B² थोडं कमी करायला हवं. किती, ते M² नेच सांगता येतं: तूट भागिले ७८८, म्हणजे सुमारे 0.16e-5. नवी किंमत:

```
B² = 7.58e-5 cm^-2
B  = 0.00870 cm^-1
R  = π/B = 361 cm
```

एकाच फेरीत काम झालं. M² च्या अंदाजापासून फरक फक्त ४ सेंमी, म्हणजे एक टक्का.

तपासा: पुन्हा k मोजा. मंदावताना न गळण्याची शक्यता ०.९७२५ आणि औष्णिक अवस्थेत न गळण्याची ०.९६९२ येते. त्यांचा गुणाकार ०.९४२५ आणि त्याला १.०६१ ने गुणलं की १.००० मिळतो. म्हणजे या गाभ्यातून पावणेसहा टक्क्यांच्या आसपास न्यूट्रॉन बाहेर जातात, आणि k∞ मधली सगळी शिल्लक त्या गळतीत खर्च होते. क्रांतिक गाभ्याचं हेच लक्षण आहे.

सावध: हे समीकरण पाण्याला लावू नका. हायड्रोजनशी एका टकरीतही न्यूट्रॉन जवळजवळ सगळी ऊर्जा गमावू शकतो, त्यामुळे थोडं थोडं सतत मंदावण्याचा नमुनाच तिथे बसत नाही. पाण्यासाठी k∞ भागिले (1 + B²τ)(1 + B²L²) बरोबर १ ही दोन गटांची अट जास्त बरी.

## टप्पा ६: आकार निवडा, आणि आधी किमान माप बघा

प्रत्यक्ष गाभा गोल क्वचितच असतो. दंडगोलासाठी भौमितिक बकलिंग दोन भागांचं बनतं, एक त्रिज्येचा आणि एक उंचीचा:

```
B² = (2.405/R)² + (π/H)²
```

२.४०५ हे शून्य कोटीच्या बेसेल फलनाचं पहिलं शून्य. इथे दोन अज्ञातं आणि समीकरण एक, म्हणून एक माप तुम्हाला ठरवावं लागतं. बहुतेक चुका नेमक्या इथे होतात, कारण कोणतंही माप चालेल असं वाटतं.

उंची ३.५ मीटर ठरवून बघा. π/H = 0.00898 येतं, आणि हे एकटंच आपल्या B पेक्षा मोठं आहे. वजाबाकी ऋण होते. म्हणजे या मिश्रणाचा ३.५ मीटर उंचीचा दंडगोल कितीही रुंद केला, मैदानभर पसरला, तरी क्रांतिक होणार नाही. वरच्या आणि खालच्या पृष्ठातून होणारी गळतीच सगळी शिल्लक खाते. उंचीची खालची मर्यादा π/B, म्हणजे ३६१ सेंमी. तसंच त्रिज्या 2.405/B पेक्षा, म्हणजे २७६ सेंमीपेक्षा कमी असेल तर उंची कितीही वाढवून उपयोग नाही. मापं निवडण्याआधी या दोन मर्यादा काढून ठेवा. मर्यादेच्या अगदी जवळचं माप निवडलं तर दुसरं माप अवाढव्य होतं.

कमीत कमी आकारमानाचा दंडगोल हवा असेल तर B² चा दोन-तृतीयांश भाग त्रिज्येला आणि एक-तृतीयांश उंचीला द्यायचा:

```
R = 2.405 √1.5 / B = 2.946/B = 338 cm
H = π √3 / B       = 5.441/B = 625 cm
```

उंची त्रिज्येच्या सुमारे १.८५ पट, म्हणजे व्यासापेक्षा थोडी कमी. काही जण उंची व्यासाइतकी घेतात. आकारमानात त्याने फार फरक पडत नाही, पण मग त्याला ‘किमान’ म्हणू नये.

आकारमानाची तुलना B³ च्या भाषेत केली की लक्षात राहते: गोल 130/B³, किमान दंडगोल 148/B³, घन 161/B³. आपल्या जाळीसाठी अनुक्रमे सुमारे १९७, २२५ आणि २४४ घनमीटर. गोल सर्वांत लहान आला पाहिजे, कारण दिलेल्या आकारमानाला त्याचं पृष्ठफळ सर्वांत कमी असतं. तुमच्या उत्तरात घन गोलापेक्षा लहान येत असेल तर बहुधा एका दिशेचा π²/a² जोडायचा राहिला आहे.

उंची बांधकामामुळे आधीच ठरलेली असेल तर रीत उलटी. समजा H = 554 cm आहे. (π/554)² = 3.22e-5. एकूण 7.58e-5 मधून ते वजा केलं की 4.36e-5 उरतं. त्याचं वर्गमूळ 0.00660, आणि 2.405 ला त्याने भागलं की R = 364 cm. किमान दंडगोलापेक्षा गाभा ठेंगणा आणि रुंद झाला, हे अपेक्षेप्रमाणेच.

## टप्पा ७: बहिर्वेशन अंतर शेवटी वजा करा

आतापर्यंतची सगळी मापं ही फ्लक्स शून्य होतो त्या काल्पनिक पृष्ठाची आहेत. खऱ्या कडेवर फ्लक्स शून्य नसतो, कारण तिथून न्यूट्रॉन बाहेर जातच असतात. तिथला उतार तसाच पुढे वाढवला तर तो कडेच्या थोडं बाहेर शून्याला मिळतो. ते अंतर म्हणजे d:

```
d = 2.13 D = 2.13 × 0.84 = 1.8 cm
```

म्हणून गोलाची प्रत्यक्ष त्रिज्या 361 − 1.8, म्हणजे ३५९ सेंमी. किमान दंडगोलाची त्रिज्या ३३७ सेंमीच्या आसपास आणि उंची ६२१ सेंमी. त्रिज्येतून d एकदाच वजा होतं, पण उंचीतून दोनदा, कारण वर आणि खाली अशी दोन पृष्ठं आहेत. घनाच्या प्रत्येक बाजूतूनही दोनदा.

या गाभ्यात अर्धा टक्का फरक पडला, म्हणजे काही मोठं घडलं नाही. पण हीच सवय लहान गाभ्यात महत्त्वाची ठरते. आणि d जर तुमच्या त्रिज्येच्या दहा-वीस टक्के येऊ लागलं, तर तो विसरण सिद्धांतच इथे लागू नसल्याचा इशारा आहे. वजाबाकी करून पुढे जाण्यात अर्थ नाही.

सावध: माप आधीच दिलेलं असेल आणि B² काढायचं असेल तर d वजा करायचं नाही, जोडायचं. कोणत्या दिशेने चाललो आहोत ते कागदावर लिहा.

## टप्पा ८: उत्तर किती नाजूक आहे ते मोजा

इथपर्यंत येऊन बरेच जण ‘R = 359.1 cm’ असं लिहून मोकळे होतात. तो शेवटचा दशांश खोटा आहे. p फक्त एक टक्क्याने कमी घेऊन बघा. k∞ १.०६१ वरून १.०५०४ वर येतो, आणि टप्पा ५ चं समीकरण पुन्हा सोडवलं की R = 396 cm मिळतं. एका टक्क्याच्या चुकीने त्रिज्या दहा टक्क्यांनी आणि आकारमान जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढलं.

कारण सरळ आहे. R हे 1/√(k∞ − 1) च्या प्रमाणात बदलतं, आणि k∞ − 1 मुळातच लहान आहे. L², τ किंवा D मधली एक टक्क्याची चूक यापुढे किरकोळ ठरते: L² आणि τ दोन्ही एक टक्क्याने चुकले तरी त्रिज्या अर्ध्या टक्क्यानेच हलते. म्हणून वेळ कुठे घालवायचा हे स्पष्ट आहे. p आणि f काळजीपूर्वक काढा. विशेषतः f मध्ये इंधनाच्या दांड्याच्या आत फ्लक्स खाली जातो याचा हिशोब घेतला आहे ना, ते बघा. तो न घेता मिश्रण एकजीव समजून काढलेला f जास्त येतो. p च्या बाबतीत नेमकं उलट होतं: एकजीव मिश्रणात p फार कमी येतो, कारण दांड्याच्या बाहेरचा थर अनुनाद न्यूट्रॉन अडवून आतल्या युरेनियमला झाकतो, तो फायदाच मोजला जात नाही. नैसर्गिक युरेनियम आणि ग्राफाइट एकजीव मिसळले तर k∞ एकच्याही खाली राहतो. इंधन दांड्यांत किंवा गोळ्यांत एकवटून जाळी करतात ती त्यामुळेच.

एक ढोबळ पडताळा हवा असेल तर डिसेंबर १९४२ मध्ये शिकागोत क्रांतिक झालेली CP-1 ही नैसर्गिक युरेनियम-ग्राफाइटची रचना आठवा. ती साधारण ६ मीटर उंच आणि साडेसात मीटर रुंद होती. तिचा आकार आणि जाळी आपल्यासारखी नव्हती, पण तुमचं उत्तर दोन मीटर किंवा वीस मीटर येत असेल तर मागे जाऊन टप्पा २ आणि ४ पुन्हा तपासायला हवेत.

## हा आकडा कुठपर्यंत चालतो

ही त्रिज्या थंड, ताज्या, नियंत्रक दांडे नसलेल्या आणि परावर्तक नसलेल्या गाभ्याची आहे. चालू अणुभट्टीत तापमान वाढतं, दांड्यांसाठी राखीव लागते आणि इंधन झिजतं. फ्लक्स जास्त असेल तर झेनॉन-१३५ चं शोषण एकटंच दोन-तीन टक्क्यांची प्रतिक्रियाशीलता खाऊन टाकतं. आपल्याकडे k∞ मध्ये शिल्लकच सहा टक्के आहे, त्यामुळे चालवायचा गाभा या मापापेक्षा बराच मोठा लागतो. उलट भोवती ग्राफाइटचा परावर्तक ठेवला तर बाहेर पडणाऱ्यांपैकी काही न्यूट्रॉन परततात आणि गाभा लहान चालतो. त्या बाबतीत गाभा आणि परावर्तक यांच्यासाठी समीकरणं वेगळी लिहून सीमेवर फ्लक्स आणि प्रवाह जुळवावे लागतात. फक्त d ची किंमत वाढवून ते साधत नाही.

शिवाय विसरणाचं गृहीतक कडेपासून आणि जोरदार शोषकापासून दोन-तीन मुक्त मार्ग दूर असतानाच भरवशाचं आहे. नियंत्रक दांड्याजवळचा फ्लक्स या समीकरणाने काढू नये. गाभ्याचं एकूण माप मात्र त्याने ठीक मिळतं, कारण ३.६ मीटर त्रिज्येत मुक्त मार्ग सेंटिमीटरांत मोजण्याइतके आहेत.

उत्तर लिहिताना ‘उघडा गोल, R ≈ 3.6 m, वय-विसरण, d वजा करून’ एवढं लिहा, आणि शेजारी k∞ ची अनिश्चितता व तिच्यामुळे त्रिज्येत पडणारा फरक द्या. k∞ ±०.०१ असेल तर हा फरक साधारण २५ ते ३५ सेंमीचा निघतो.